टाकीचे घाव कुठे ठेवायचे? अजिंठ्याच्या पहिल्या लेण्याविषयी

नमस्कार. सातारा, सांगलीकडच्या कला-इतिहासाच्या विद्यार्थ्यांना लेणी म्हटलं की आधी कराडजवळचा आगाशिवचा डोंगर आठवतो. साठाहून अधिक लेणी, बहुतेक साधी: खोली, झोपायला दगडी ओटा, कुठे स्तूप. तिथे दगड जवळजवळ उघडाच भेटतो. आज मात्र त्याच काळ्या पाषाणात कोरलेलं, पण भरजरी असं अजिंठ्याचं पहिलं लेणं पाहू. ते पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातलं, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातलं मानतात.

आधी वास्तू. घर पायापासून वर बांधतात, लेणं छतापासून खाली उतरतं. पाथरवट दर्शनी भागातून आत शिरतो, आधी छत मोकळं करतो आणि मग खाली खोदत जातो, म्हणजे उंचावरच्या कामाला वेगळी परांची लागत नाही. खांब उभे केले जात नाहीत, ते राखले जातात: भोवतालचा दगड काढला की खांब उरतो. अजिंठ्याचं चोविसावं लेणं अर्धवट राहिलं, त्यामुळे हा क्रम तिथे चांगला वाचता येतो. यातली अडचण उघड आहे. जास्त निघालेला दगड परत चिकटवता येत नाही, आणि आत भेग निघाली तर नकाशाच बदलावा लागतो. चौथ्या लेण्यात छताचा मोठा भाग कोसळला, तेव्हा छत आणखी वर न्यावं लागलं.

पहिल्या लेण्याचा मंडप साधारण 64 फूट चौरस, खांब 20. आता मुद्द्याची गोष्ट. जिथे शिल्प दिसायचं, तिथला दगड बारीक टाकीने घोटला आहे. जिथे चित्र यायचं, तिथे भिंत मुद्दाम खडबडीत ठेवली आहे, कारण गुळगुळीत दगडावर गिलावा धरत नाही. म्हणजे चित्रकार यायच्या आधीच पाथरवटाला ठाऊक असायला हवं की कुठली भिंत कोणाच्या वाट्याची. शिल्पांवरही पातळ लेप आणि रंग चढत असे. आज दिसणारा करडा दगड हा त्यांचा मूळ चेहरा नाही.

गिलावा मातीचा: लोहयुक्त माती, त्यात भाताचा तूस, वनस्पतींचे तंतू, बारीक खडी. त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो सुकल्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग. ओल्या चुन्यात रंग मुरवण्याची युरोपीय फ्रेस्को पद्धत ही नव्हे. परीक्षेत 'भित्तिचित्र म्हणजे फ्रेस्को' असं लिहिणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. गेरू, पिवळी माती, काजळी, हिरवी माती हे रंग देशी होते. निळा मात्र लाजवर्द या निळ्या दगडाचा, तो अफगाणिस्तानकडून आलेला.

आता समोरच्या भिंतीकडे चला. गर्भगृहाकडे जाणाऱ्या दाराच्या डावीकडे पद्मपाणी, उजवीकडे वज्रपाणी. आसपासच्या माणसांपेक्षा हे दोघे बोधिसत्त्व बरेच मोठे. का? वेरूळच्या दुसऱ्या लेण्यात याच जागी दोन भव्य मूर्ती दगडात कोरल्या आहेत. अजिंठ्यात मूर्तीचं तेच काम चित्र करतं आहे. पद्मपाणीच्या अंगावर छटा आणि उजळ रेषा देऊन गोलाई आणली आहे, ती मूर्तीच्या गोलाईला उत्तर देते. पुढे अंतराळ, म्हणजे गर्भगृहापुढची छोटी खोली, ओलांडलं की समोर धर्मचक्रप्रवर्तन मुद्रेतला बुद्ध, पूर्ण दगडातला. रंगवलेल्या देहांकडून कोरलेल्या देहाकडे नजर सरकते, आणि तिला तिकडे वळवतो मंडपाचा मधला अक्ष. छतावरचे चौकटी-चौकटींचे रंगीत तक्तेही लाकडी छताची आठवण देतात. तिथे चित्रच वास्तू झालं आहे.

याच जोडणीत नुकसानीचं कारणही आहे. गिलाव्यातला तूस आणि तंतू कीड खाते, पाणी झिरपलं की माती सुटते. चित्र नुसतं फिकट होत नाही, गिलाव्यासकट पोपडा होऊन पडतं. पडलेल्या भागाची कड बाजूने पाहा, थर मोजता येतात आणि तळाशी टाकीचे घाव दिसतात. वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडले. तिथे किडीचा त्रास कमी, तो यामुळेच असावा असं संशोधक मानतात. दुरुस्तीनेही घोटाळा केला. 1920 च्या सुमारास निजाम सरकारने आणलेल्या इटालियन तज्ज्ञांनी चित्रांवर लाखेचं वॉर्निश दिलं. ते कालांतराने पिवळट-तपकिरी पडलं. म्हणून जुन्या फोटोंवरून 'अजिंठ्याची तांबूस रंगसंगती' असं काही लिहायच्या आधी, ती चित्रकाराची की वॉर्निशची, एवढं तपासा.