एकच कार्ड, तीन विक्रेते

श्रोतेहो, नमस्कार. मोबाइलसाठी १२८ जीबीचं मेमरी कार्ड घ्यायचं म्हणून तुम्ही ॲमेझॉन उघडलंत. नावाजलेली कंपनी, ४.३ तारे, हजारो अभिप्राय. पण हे तारे कार्डाला आहेत, विकणाऱ्याला नाहीत. एकाच पानावर अनेक विक्रेते तीच वस्तू विकतात आणि तारे मात्र सगळ्यांचे सामायिक असतात. शिवाय ३२ आणि ६४ जीबीच्या कार्डांचे अभिप्रायही त्यातच मिसळलेले असू शकतात.

म्हणून किमतीजवळ विक्रेत्याचं नाव दिसतं, त्यावर बोट ठेवा. तिथे त्याचे स्वतःचे तारे दिसतील. त्याचा पत्ता आणि संपर्क क्रमांकही बघा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ही माहिती ग्राहकाला दाखवणं बंधनकारक आहे.

समजा, तीन विक्रेते आहेत. पहिल्याचा भाव सर्वांत कमी, ८५० रुपये. तारे ४.८, पण मत देणारे जेमतेम नऊ, आणि माल तो स्वतःच पाठवणार. नऊ जण काय, घरचेही असू शकतात! दुसरा ९२० ला देतो, माल ॲमेझॉनच्या गोदामातून येतो, वर्षभरात हजारो लोकांनी मत दिलंय आणि ८८ टक्के खूश आहेत. चांगला वाटतो ना? पण वर्षाऐवजी गेल्या तीस दिवसांचा आकडा बघितला, तर तो ६० वर आलेला. अलीकडे काहीतरी बिनसलंय. तिसरा ९९० मागतो, गोदाम तेच, आणि वर्षाचा आकडा ९१, महिन्याचा ९०. मी सत्तर रुपये जास्त देऊन तिसऱ्याकडून घेईन.

आता ‘फुलफिल्ड’ या शिक्क्याबद्दल. माल ॲमेझॉनच्या गोदामात ठेवला जातो आणि तिथूनच बांधून पाठवला जातो, एवढाच त्याचा अर्थ. परत करणं त्यामुळे सोपं जातं, पण माल अस्सल असल्याची ती हमी नव्हे. अशा ऑर्डरीत डिलिव्हरीबद्दल तक्रार आली, तर ॲमेझॉन जबाबदारी स्वतःकडे घेतं आणि त्या तक्रारीवर काट मारतं. म्हणजे शिक्केवाल्याच्या ताऱ्यांत उशिराची वगैरे रड फारशी उतरत नाही. तरीही आकडा घसरला असेल, तर दोष मालातच असण्याची शक्यता जास्त.

मग एक तारावाले अभिप्राय ‘नवे आधी’ असे लावून वाचा. ‘उशिरा आलं’ हे सोडून द्या. ‘थोडे फोटो भरले आणि पुढच्या फाइली उघडेनात’ असं कुणी लिहिलंय का, ते शोधा. नकली कार्ड १२८ जीबी दाखवतं, आत जागा मात्र त्याच्या कितीतरी कमी असते.

कार्ड घरी आलं की लगेच, म्हणजे परतीची मुदत संपण्याआधी, रिकामं असतानाच विंडोज संगणकावर H2testw हा मोफत प्रोग्राम चालवा. तो कार्ड काठोकाठ भरतो आणि लिहिलेलं सगळं परत वाचून बघतो. एवढ्या कार्डाला काही तास लागतात, तेव्हा रात्री लावून झोपलात तरी चालेल.