मास्क कुठे संपतो आणि मॉडेलला कुठवर दिसतं

मंडळी, आज मी एकाच फोटोबद्दल बोलणार आहे. फोटो 3000 बाय 2000 पिक्सेलचा. लाकडी टेबल, त्यावर एक काचेची बाटली, तिच्या डावीकडे थोड्या अंतरावर एक कप. डावीकडून खिडकीचा उजेड येतोय, त्यामुळे दोघांच्याही सावल्या उजवीकडे पडल्यात. चित्र काढणाऱ्या एआय मॉडेलकडून बाटली काढून तिथे फुलदाणी ठेवायची. बाकी काहीही हलता कामा नये.

बहुतेक लोक काय करतात? ब्रश घेतात, बाटलीच्या कडेकडेने नीट, निगुतीने रंगवतात, आणि वाट बघतात. हा रंगवलेला भाग म्हणजे मास्क, मॉडेल तेवढाच नव्याने काढतं. मग फुलदाणी येते ती बाटलीच्या आकाराची. किंवा फुलदाणी बरी येते, पण तिच्याभोवती पुसट कडा दिसते. मग दोष प्रॉम्प्टला दिला जातो. खरं तर तीन वेगवेगळ्या सीमा एकाच ब्रशने आखायचा प्रयत्न चाललेला असतो. काय बदलायचं त्याची एक सीमा, नवं आणि जुनं कुठे मिसळायचं त्याची दुसरी, आणि मॉडेलला कुठवर दिसायला हवं त्याची तिसरी. या तिन्ही एकमेकींपासून लांब असायला हव्यात.

पहिली सीमा घेऊ. बाटली 180 पिक्सेल रुंद आणि 520 उंच आहे. तेवढाच मास्क केला तर मॉडेलच्या हातात बाटलीची बाह्यरेषाच राहते, आणि ते ती इमानदारीने भरून काढतं. त्याहून वाईट म्हणजे सावली. बाटलीची सावली उजवीकडे अडीचशेएक पिक्सेल पसरलीय. ती मास्कच्या बाहेर राहिली की मॉडेलच्या लेखी ती फोटोतली खरी गोष्ट ठरते. इथे उंच, सडपातळ वस्तूची सावली आहे, म्हणजे इथे तशी वस्तू असणारच, असा त्याचा हिशेब. नुसती वस्तू पुसायला गेलेल्यांना हा अनुभव हमखास येतो: वस्तू जाते, सावली उरते, आणि पुढच्या वेळी मॉडेल तिथे काहीतरी उभं करून ठेवतं. म्हणून सावली, टेबलाच्या पॉलिशमधलं प्रतिबिंब, काचेतून टेबलावर पडलेला चमकता कवडसा, हे सगळं मास्कमध्ये घ्यायचं. वस्तू म्हणजे तिने आजूबाजूला जे जे केलंय ते सगळं.

शिवाय नव्या वस्तूला जागा लागते. फुलदाणी साधारण 300 पिक्सेल रुंद हवी असेल तर डावीकडे मोकळीक हवी, वर फुलांसाठी हवी. आपण डावीकडे 100, उजवीकडे सावलीसकट 320, वर 120 आणि खाली 60 ठेवू. म्हणजे मास्कची चौकट झाली 600 बाय 700. आकार ओबडधोबड असला तरी चालेल, उलट बरंच.

आता तिसरी सीमा, कारण खरी मेख तिथे आहे. 3000 पिक्सेलचा अख्खा फोटो मॉडेलला दिला तर तो आधी लहान करावा लागतो. 1024 पिक्सेलच्या आसपासच्या चित्रांवर शिकलेलं मॉडेल धरा. फोटो 1024 रुंद केला की आपली बाटली जेमतेम 61 पिक्सेलची उरते. आणि मॉडेल काम करतं ते पिक्सेलवर नाही, लेटेंटवर, म्हणजे चित्राच्या दाबून लहान केलेल्या रूपावर. तिथलं एक घर म्हणजे 8 बाय 8 पिक्सेल. म्हणजे अख्ख्या बाटलीच्या रुंदीला आठएक घरं. एवढ्यात फुलांच्या पाकळ्या काय येणार?

म्हणून मास्कपुरता तुकडा कापून, तो मोठा करून, काम झाल्यावर परत जागेवर चिकटवायची सोय असते. Stable Diffusion चालवायच्या AUTOMATIC1111 या प्रोग्रॅममध्ये ती `Only masked` नावाने आहे, आणि तिच्याखाली `Only masked padding, pixels` असा एक आकडा आहे, मुळात 32. हा आकडा मूळ फोटोच्या पिक्सेलमध्ये मोजला जातो. मास्कभोवतीची चौकट प्रत्येक बाजूला तेवढी वाढते, मग हव्या त्या प्रमाणात, आपल्या बाबतीत चौरस, केली जाते, आणि तोच तुकडा मॉडेलसमोर जातो. त्या तुकड्याबाहेरचं जग मॉडेलसाठी नाहीच. प्रॉम्प्टमध्ये उजेड डावीकडून असं कितीही लिहा, खिडकी तुकड्यात नसेल तर तो अंदाजच.

आपल्या आकड्यांवर बघू. 32 ठेवलं तर तुकडा 764 चा चौरस होतो, आणि त्यातला सुमारे 72 टक्के भाग मास्कच्या चौकटीने खाल्लेला असतो. वरखाली उरते ती 32 पिक्सेलची पट्टी. मोठी करूनही ती लेटेंटमधली पाचएक घरं भरते. एवढ्यावरून लाकडाचा रंग कळेल, पण उजेड कुठून येतोय, टेबल किती तिरकं दिसतंय, हे कळणार नाही. मग फुलदाणी सुंदर येते आणि तिची सावली भलतीकडेच पडते.

बरं, घाबरून 600 ठेवलं तर? तुकडा 1900 चा होतो, तो 1024 वर आणायचा म्हणजे जवळजवळ निम्मा करायचा. फुलदाणी निम्म्या आकारात घडते आणि परत चिकटवताना ताणली जाते. उजेड, सावली सगळं बरोबर, पण आजूबाजूचं लाकूड खरखरीत आणि फुलदाणी मऊ, धुतल्यासारखी. हा दोष लोकांना लवकर ओळखू येत नाही. ते म्हणतात काहीतरी खटकतंय. दोनशे टक्के झूम करून फुलदाणीतला आणि शेजारच्या टेबलातला दाणा, म्हणजे फोटोतली बारीक खरखर, ताडून बघा, लगेच कळतं.

200 ठेवलं तर तुकडा 1100 चा, म्हणजे 1024 पेक्षा किंचित मोठा, आणि मास्कची चौकट 35 टक्के. तपशील जवळपास पुरा राहतो आणि मॉडेलला आजूबाजूला बघायलाही मिळतं. माझा कल अशाच आकड्याकडे असतो: चौकटीने तुकड्याचा चौथा ते तिसरा हिस्सा घ्यावा, आणि तुकडा मॉडेलच्या आकारापेक्षा फार मोठा नसावा. याला नियम म्हणू नका, सुरुवात म्हणा.

पण इथे एक अडचण उरते. कपाची सावली आपल्या मास्कपासून 300 पिक्सेल डावीकडे आहे, कप त्याच्याही पलीकडे, 420 पर्यंत. आपल्या तुकड्यात डावीकडे 250 च पिक्सेल आलेत. म्हणजे सावली कशी पडावी हे सांगणारा एकुलता एक साक्षीदार बाहेरच उभा! पॅडिंग सगळीकडे वाढवायची गरज नाही. मास्कच्या डावीकडे 250 पिक्सेलवर, साध्या लाकडावर, ब्रशचा एक बारीक ठिपका द्या. चौकट त्या ठिपक्यापर्यंत ताणली जाते, 850 बाय 700 होते. पॅडिंग धरून तुकडा 1250 चा. कप सावलीसकट आत येतो. ठिपक्याखालचं लाकूडही नव्याने रंगवलं जातं, म्हणून ठिपका कपावर किंवा ठळक रेषेवर द्यायचा नाही.

आता राहिली मधली सीमा, फेदर, म्हणजे मास्कची मऊ केलेली कड. ब्लर लावल्यावर मास्कची कड विरघळते ती दोन्ही बाजूंना, आतही आणि बाहेरही. AUTOMATIC1111 मधला `Mask blur` हा आकडा गाउसी ब्लरचा सिग्मा आहे, आणि त्याचा पसारा प्रत्येक बाजूला सुमारे अडीचपट जातो. 8 ठेवलं तर आत 20 पिक्सेल आणि बाहेर 20. या पट्ट्यात शेवटी जुना फोटो आणि नवं चित्र पारदर्शक होऊन एकावर एक येतात. त्यामुळे प्रश्न एवढाच: या पट्ट्यात जुन्यात काय आहे आणि नव्यात काय आहे? दोन्हीकडे लाकूडच असेल तर मिसळण कुणाला कळत नाही. जुन्यात बाटलीची कड असेल तर बाटलीचं भूत दिसणार. ती पुसट कडा म्हणतात ना, ती हीच. मॉडेलने ती काढलेली नसते, आपणच बाटली अर्धवट परत आणलेली असते.

म्हणून मास्क आधी वाढवायचा, मग विरघळवायचा, आणि वाढ ब्लरच्या पसाऱ्यापेक्षा जास्त हवी. आपल्याकडे सगळ्यात कमी जागा खाली आहे, 60. पसारा 20 चा. बिनघोर. उलट छोट्या मास्कवर मोठा ब्लर लावला, समजा 30 पिक्सेलच्या डागावर 16, तर मास्कचा मध्यही पुरता पांढरा, म्हणजे पुरता बदलणारा, राहत नाही आणि जुना डाग खालून डोकावतो.

मग फेदर मोठाच का ठेवू नये? दोन कारणं. एक म्हणजे दाणा. दोन वेगवेगळे, एकमेकांशी संबंध नसलेले दाणे अर्धे अर्धे मिसळले की ते एकमेकांना खातात. खरखर मूळच्या सुमारे 70 टक्के उरते. रुंद फेदर म्हणजे वस्तूभोवती गुळगुळीत कडं. दुसरं, रेषा. टेबलाची मागची कड मास्कमधून जात असेल आणि मॉडेलने ती तीन पिक्सेल वर काढली, तर रुंद पट्ट्यात ती दुहेरी दिसते. अशा ठिकाणी फेदर अरुंद ठेवावा, आणि मास्कची कड त्या रेषेला आडवी छेदेल अशी न्यावी, तिच्याबरोबर लांबवर धावेल अशी नको. साध्या भिंतीवर, आकाशावर, फोकसबाहेरच्या भागावर मात्र रुंद फेदर खुशाल वापरा. तिथे तो कामाचाही असतो, कारण लेटेंटमध्ये जाऊन परत येताना रंग किंचित सरकतो. भिंतीवर तो सरकलेला रंग चौकोनी ठिगळासारखा दिसतो, रुंद फेदर त्याला पसरवून टाकतो. ठिगळ डोळ्यांना जाणवत नसेल तर कॉन्ट्रास्ट भरमसाट वाढवून बघा, असेल तर उघडं पडेल.

एक गोष्ट ओझरती सांगतो, कारण यावर गोंधळ होतो. बऱ्याच ठिकाणी फेदर फक्त शेवटी चिकटवताना वापरला जातो. चित्र घडत असताना मास्क काळा किंवा पांढराच असतो. ComfyUI या तशाच दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये `Differential Diffusion` जोडलं तर करडा भागही घडण्यात भाग घेतो: जितका करडा, तितका उशिरा तो बदलायला लागतो. तिथे रुंद फेदरचा अर्थच वेगळा होतो, आणि वरचे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत.

आणि सगळं करूनही शिवण दिसलीच तर फुलदाणी पुन्हा काढत बसू नका. शिवणीवरच एक 60-80 पिक्सेल रुंदीचा गोल पट्टा रंगवा, `Masked content` मध्ये `original` ठेवा, म्हणजे आधीच्याच चित्रावरून सुरुवात होईल, किती बदलायचं ते ठरवणारं `Denoising strength` 0.3 च्या आसपास आणा आणि पॅडिंग तसंच राहू द्या. आता मॉडेलला दोन्ही बाजू दिसतात, आत फुलदाणी, बाहेर खरं टेबल, आणि मधलं लाकूड तेवढं ते नव्याने विणतं. 0.5 च्या वर मात्र जाऊ नका, नाहीतर पट्ट्यात पाकळ्या उगवायला लागतात.