रक्त लावल्यानंतरची पहिली पंधरा मिनिटं
(पुण्यातील वॉर्ड सिस्टर्ससमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

आज मी एवढ्याच पंधरा मिनिटांबद्दल बोलणार आहे. पिशवी स्टँडला टांगली, क्लँप उघडला, सेटमधून पहिला लाल थेंब पडला, तिथून पुढची पंधरा मिनिटं. त्या वेळात सिस्टरने पेशंटच्या कॉटजवळ असायला हवं. काउंटरवर नाही, शेजारच्या कॉटचं इंजेक्शन द्यायलाही नाही. सकाळच्या ड्यूटीत चाळीस कॉट आणि तीन सिस्टर असतात हे मला माहीत आहे. म्हणूनच माझं सांगणं आहे की पंधरा मिनिटं हाताशी नसतील, तर रक्त वीस मिनिटांनी मागवा. एकदा वॉर्डात आलेली पिशवी तुमच्यासाठी थांबत नाही. फ्रिजबाहेर आल्यापासून साधारण अर्ध्या तासात ती सुरू व्हायला हवी आणि चार तासांत संपायला हवी. सिंहगड रोडवरच्या एखाद्या छोट्या हॉस्पिटलात बाहेरच्या रक्तपेढीतून नातेवाईक दुचाकीवर थर्मोकोलच्या डब्यात पिशवी घेऊन येतात, तेव्हा तर हे घड्याळ अधिकच काटेकोर पाहावं लागतं. आणि गार लागते म्हणून ती पिशवी गरम पाण्यात धरायची नाही, कुणी कितीही घाईत असलं तरी. त्या उष्णतेने आतल्या लाल पेशी फुटतात.

आधी तपासणीचं बोलू, कारण निम्मी रिअ‍ॅक्शन तिथेच टळते. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी दोघी सिस्टर काउंटरवर पिशवी आणि केसपेपर शेजारी ठेवतात, नंबर वाचतात, सही करतात, आणि मग एकटी एकजण पिशवी घेऊन जाते. माझ्या मते ही तपासणी अर्धीच झाली. पिशवी आणि कागद जुळले, पण कॉटवरचा माणूस कुणाशी जुळवला? शेवटची तपासणी पेशंटच्या उशाशी व्हायला हवी आणि दोघींनी ती वेगवेगळी करायला हवी. एकीने वाचायचं आणि दुसरीने मान डोलवायची, ही तपासणी नव्हे.

पेशंटला नाव विचारायचं तेही नीट. "तुम्ही जाधव ना?" असं विचारलं तर अर्धवट गुंगीतला माणूस "हो" म्हणतो. ऐकू कमी येणारी आजी तर कशालाही "हो" म्हणते. "तुमचं पूर्ण नाव सांगा, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव सांगा," असं विचारा आणि ऐकलेलं मनगटावरच्या पट्टीशी जुळवा. मग पट्टीवरचा नोंदणी क्रमांक, पिशवीवरचं क्रॉसमॅचचं लेबल, पिशवीचा क्रमांक, रक्तगट, मुदत. एक जरी अक्षर जुळलं नाही तरी पिशवी लावायची नाही. "आडनावाचं स्पेलिंग चुकलं असेल, चालतंय" हे वाक्य तर तोंडातून निघताच कामा नये. पिशवी उजेडात धरून पाहा: गळती आहे का, गुठळ्या आहेत का, वरचा द्रव गुलाबी-लाल किंवा पेशी काळपट जांभळ्या दिसतात का.

मग सुरुवातीची नोंद. टेंपरेचर, नाडी, बीपी, श्वास, ऑक्सिजन, हे सगळं क्लँप उघडायच्या आधी. ही नोंद नसेल तर नंतरचा कुठलाही आकडा मुका होतो. पंधराव्या मिनिटाला ताप ९९.८ दिसला, तो आधीपासून होता की आत्ता चढला, हे कशावरून ठरवणार? अंगावर आधीच पित्त उठलेलं होतं का, लघवीच्या पिशवीत रंग कसा होता, तेही लिहून ठेवा.

आता वेग. रक्ताच्या सेटमध्ये जाळी असते, म्हणून साधा सलाईनचा सेट चालत नाही. सेटच्या पाकिटावर एका मिलीलिटरला किती थेंब ते छापलेलं असतं. बहुतेकांवर २० असतं, काहींवर १५. पाकीट फेकण्याआधी वाचा. २० थेंबांचा सेट असेल तर मिनिटाला २० थेंब म्हणजे मिनिटाला १ मिलीलिटर. पहिली पंधरा मिनिटं मी याच वेगाने ठेवते. मोठ्या माणसाला पंधरा मिनिटांत १५ मिलीलिटर जातं. सगळं ठीक असेल तर मग डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेप्रमाणे वाढवायचं. समजा पिशवीत २८० मिलीलिटर लाल पेशी आहेत. १५ गेल्या, २६५ उरल्या. त्या अडीच तासांत द्यायच्या तर मिनिटाला पावणेदोन मिलीलिटर, म्हणजे सुमारे ३५ थेंब. वयस्कर, हृदय अशक्त असलेल्या पेशंटला याहून हळू द्यावं लागतं. पेशंटला भळाभळा रक्तस्राव होत असेल तर हा हिशेब लागू नाही. तिथे डॉक्टर सांगतील तो वेग.

इथे एक गोष्ट सहज निसटते. नळी आधी नॉर्मल सलाईनने भरलेली असेल, तर पहिले काही मिलीलिटर सलाईनच शिरेत जातं. साधारण दहा-पंधरा मिलीलिटर तर नळी आणि चेंबरमध्येच मावतं. मिनिटाला एक मिलीलिटरने पाहिलं तर घड्याळातली पंधरा मिनिटं संपेपर्यंत रक्त नुकतंच हातापाशी पोहोचलेलं असतं. सिस्टर म्हणते, "पंधरा मिनिटं काही झालं नाही," आणि वेग वाढवून निघून जाते. म्हणून पंधरा मिनिटं मोजायची ती लाल रेघ कॅन्युलापर्यंत आल्यापासून. सलाईन म्हणजे नॉर्मल सलाईनच. आरएलमधल्या कॅल्शियमने नळीत गुठळी होऊ शकते, डेक्स्ट्रोजने पेशी फुटतात.

इतकं हळू का, ते सांगते. ओ गटाच्या माणसाच्या रक्तात ए आणि बी या दोन्ही गटांविरुद्धच्या अँटिबॉडी लहानपणापासून तयार असतात. चुकून बी गटाच्या पेशी शिरल्या की या अँटिबॉडी त्यांना लगेच चिकटतात आणि पेशी शिरेतच फुटतात. फुटलेल्या पेशींतलं हिमोग्लोबिन मूत्रपिंडांवर येतं, रक्त गोठण्याची घडी बिघडते. हे सुरू व्हायला पाच-दहा मिलीलिटरही पुरतात, पण किती नुकसान होईल हे किती रक्त गेलं यावर बरंच ठरतं.

आता शिकवण्यासाठी रचलेला एक प्रसंग पाहू. सर्जरी वॉर्ड. कॉट सातवर मुळशीकडच्या ५४ वर्षांच्या शिंदेबाई, ऑपरेशननंतर हिमोग्लोबिन ६.२, गट ओ पॉझिटिव्ह. कॉट बारावरही शिंदेच, गट बी पॉझिटिव्ह. मामा एकाच खेपेत दोन पिशव्या घेऊन आले. काउंटरवर दोन्ही पिशव्या आपापल्या कागदांशी बरोबर जुळल्या. उशाशी मात्र कुणी नाव विचारलं नाही. सातवरच्या बाईंची सुरुवातीची नोंद अशी: टेंपरेचर ९८.४, नाडी ८८, बीपी ११८/७६, श्वास १८. नळी रक्तानेच भरली होती. ४ वाजून २० मिनिटांनी २० थेंबांनी सुरुवात झाली.

सिस्टर जवळच बसलेली आहे. ४.२५ ला बाई म्हणतात, "हाताला आग होतीय जरा." सिस्टर कॅन्युलाची जागा बघते, सूज नाही. ४.२६ ला बाई म्हणतात, "कंबर भरून आल्यागत झालंय, आणि गार वाजतंय, चादर द्या." एसीचा वॉर्ड आहे, पिशवी फ्रिजमधली आहे, थंडी वाजणारच, असं म्हणून चादर पांघरून टाकणं फार सोपं आहे. चादर जरूर द्या. पण त्याआधी क्लँप बंद करा आणि थर्मामीटर लावा. ४.२७: नाडी ११२, टेंपरेचर ९९.६, बीपी १०४/६४. बाईंचा चेहरा उतरलेला आहे. "माझा जीव घाबरा होतोय, सिस्टर," असं त्या म्हणतात. हे वाक्य तपासणीच्या आकड्याइतकंच खरं मानायचं. ताप १०० च्या वर गेलेला नाही म्हणून थांबायचं नाही.

बाईंना गेलं सहा-सात मिलीलिटर. ६० थेंबांनी सोडून सिस्टर निघून गेली असती, तर पंधरा मिनिटांत ४५ मिलीलिटर गेलं असतं.

क्लँप बंद केल्यावर सेट कॅन्युलापासून काढायचा. नळीत उरलेलं रक्त सलाईनने आत ढकलायचं नाही. नवा सेट, नवी नॉर्मल सलाईन, शीर उघडी ठेवायची. कॅन्युला काढू नका, पुढे तीच लागणार आहे. डॉक्टरांना हाक मारताना "रिअ‍ॅक्शन वाटतेय" एवढंच म्हणू नका. किती मिनिटं झाली, किती मिलीलिटर गेलं, नाडी-बीपी किती होतं आणि आता किती आहे, हे एका दमात सांगा. मग पुन्हा मनगटाची पट्टी आणि पिशवीचं लेबल वाचा. इथे ते जुळत नाही हे कळतं. दुसऱ्या हातातून नवे नमुने घ्यायचे, पिशवी सेटसकट रक्तपेढीकडे परत, आणि पहिली लघवी तपासायला. बाईंना कॅथेटर होतं. नळीत चहासारखी तांबूस काळपट लघवी दिसली. बेशुद्ध किंवा भुलीतला पेशंट कंबर दुखते म्हणून सांगू शकत नाही. तिथे हा रंग, एकाएकी घसरलेलं बीपी आणि टाक्यांतून झिरपणारं रक्त यांवरच नजर ठेवावी लागते.

प्रत्येक लक्षणाचा अर्थ हाच असतो असं नाही. नुसतं पित्त उठलं, खाज सुटली, बाकी सगळं जागेवर असेल, तरी रक्त थांबवून डॉक्टरांना दाखवा. औषध देऊन ते सांगतील तर तीच पिशवी पुन्हा हळू सुरू होऊ शकते. घसा आवळला, छातीत शिट्टी वाजू लागली, बीपी खाली आलं, तर ते वेगळंच आणि मिनिटांचं प्रकरण आहे. अ‍ॅड्रेनलिनची तयारी त्या क्षणी हवी. हुडहुडी भरून एकदम जोरात ताप आला आणि बीपी पडलं तर पिशवीत जंतू असण्याची शंका घ्यायची. ही कुठली रिअ‍ॅक्शन ते ओळखत बसायची जबाबदारी तुमची नाही. थांबवणं तुमचं आहे.

आणि कॉट बारा. सातवरची पिशवी बाराच्या शिंदेबाईंची होती, तर सातवरच्यांची पिशवी कुठे आहे? बहुतेक वेळा ती बारावर लागलेली असते, किंवा काउंटरवर लागायच्या बेतात असते. एकजण सातवर थांबेल, दुसरीने धावत जाऊन तिथला क्लँप बंद करायचा, पेशंट कितीही बऱ्या दिसत असल्या तरी. बी गटाला ओ गटाच्या लाल पेशींनी सहसा तसं होणार नाही, पण ते आपण वॉर्डात उभं राहून ठरवायचं नाही. रक्तपेढीला फोन करून दोन्ही पिशव्यांचे क्रमांक सांगा, म्हणजे त्याच खेपेतली तिसरी पिशवी कुणाकडे गेली असेल तर तीही थांबेल. दोघींचे नवे नमुने पाठवा, रिअ‍ॅक्शनचा फॉर्म त्याच ड्यूटीत भरा आणि सातवरच्या बाईंची लघवी दर तासाला मोजून लिहायला सुरुवात करा.