योगिनी दशा: मंगलेपासून मोजायला कुणी सांगितलं?

नमस्कार मंडळी, सोलापुरातून बोलतोय, पंखा फुल्ल आहे, आवाज आला तर सांभाळून घ्या. योगिनी दशा म्हणजे जन्मनक्षत्रावरून आयुष्याची वर्षं आठ योगिनींत वाटायची रीत, आणि विंशोत्तरी ही ती वर्षं ग्रहांत वाटायची दुसरी रीत. त्या विंशोत्तरीच्या व्हिडिओखाली योगिनीबद्दल एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतोय: "माझं वय 42. त्यातनं 36 वजा, उरले 6. मंगला, पिंगला, धान्या संपल्या, म्हणजे मला भ्रामरी ना?"

नाही हो! कुणी शिकवलं हे?

आधी पाढा पटकन म्हणतो. मंगला 1 वर्ष, पिंगला 2, धान्या 3, भ्रामरी 4, भद्रिका 5, उल्का 6, सिद्धा 7, संकटा 8. झाली बेरीज 36. स्वामी त्याच क्रमानं: चंद्र, रवी, गुरू, मंगळ, बुध, शनी, शुक्र, राहू. मंगलेचा स्वामी मंगळ नव्हे, चंद्र. केतूला इथं वेगळं घर नाही.

आता सुरुवात कुठून? अश्विनीपासून जन्मनक्षत्राचा क्रमांक घ्या, त्यात 3 मिळवा, 8 नं भागा. बाकी उरेल ती योगिनी. बाकी शून्य आली तर संकटा. रोहिणी चौथं नक्षत्र, 4 अधिक 3, सात. म्हणजे रोहिणीवाल्याचा जन्म सिद्धेत. मंगलेचा संबंधच नाही.

आणि सिद्धा मिळाली म्हणून पूर्ण 7 वर्षं मिळाली असंही नाही. जन्माच्या वेळी नक्षत्र जेवढं सरलं, तेवढी दशाही सरली. बघा की, पंचांगात कृत्तिका सकाळी 6 ला संपली, रोहिणी दुसऱ्या दिवशी सकाळी 8 पर्यंत आहे. म्हणजे रोहिणी एकूण 26 तास. जन्म पहिल्या दिवशी दुपारी साडेबाराचा. साडेसहा तास गेले, बरोबर पाव भाग. सिद्धेचे उरले पाऊण, म्हणजे 5 वर्षं 3 महिने.

इथं लोक सरसकट 24 तास धरतात. अहो, चंद्राची गती रोज बदलते! आपल्या उदाहरणात 24 धरले तर सिद्धा जवळजवळ दोन महिने आधी संपते. पुढची प्रत्येक दशा तेवढीच चुकीची. दाते पंचांग आपल्याच सोलापूरचं, त्यात नक्षत्र संपायची वेळ छापलेली असते. आदल्या दिवसाची ओळही वाचा, एवढंच म्हणणं आहे.

कोष्टक बरोबर आलं का, ते 36 व्या वाढदिवसाशी ताडून बघा. त्या दिवशी जन्मावेळचीच योगिनी हवी, आणि शिल्लकही तेवढीच. आपल्या माणसाची उल्का 34 वर्षं 3 महिन्यांना संपते, सिद्धा दुसऱ्यांदा लागते. 36 पूर्ण होताना तिचे 1 वर्ष 9 महिने झालेले, 5 वर्षं 3 महिने उरलेले. जुळलं. तुमच्या कोष्टकात 36 ला मंगला नव्यानं सुरू होत असेल आणि जन्म मंगलेच्या अगदी आरंभाचा नसेल, तर ते कोष्टक फाडा.

विंशोत्तरीत शिल्लक काढायची रीत हीच, पण ग्रह नऊ, क्रम वेगळा आणि फेरा 120 वर्षांचा. तो पुरा व्हायला कोण बसलंय? शुक्राची 20 वर्षं कुणाला तरुणपणी येतात, कुणाला येतच नाहीत. योगिनीत मात्र साधारण आयुष्य जगलेला माणूस आठही दशा बघतो, बहुतेक दोनदा.

आपला रोहिणीवाला 42 चा धरा. विंशोत्तरीत चंद्र पाऊण म्हणजे साडेसात वर्षं, मग मंगळ 7, राहू 18. साडेबत्तिसाव्या वर्षी गुरू लागला, तो साडेअठ्ठेचाळीसपर्यंत. योगिनीत मात्र 41 वर्षं 3 महिन्यांपासून संकटा, म्हणजे राहू. एकीकडे गुरू, दुसरीकडे राहू! एक ताई लिहितात, "संकटा लागलीय, दुकान काढायचं थांबवू का?" ताई, नावावर जाऊ नका. राहू पत्रिकेत कुठं बसलाय ते आधी बघतात, आणि विंशोत्तरीचा स्वामी काय सांगतो तेही.

वेळ पक्की नसली की फरक आणखी दिसतो. आपल्याकडच्या जुन्या माणसांची जन्मवेळ म्हणजे "गिरणीचा भोंगा झाला तेव्हा". एका आजोबांच्या पत्रिकेत मी ते शब्द तसेच लिहिलेले पाहिलेत. आता आपल्याच उदाहरणात पंधरा मिनिटं इकडंतिकडं झाली, तर सिद्धा साधारण 25 दिवसांनी सरकते, विंशोत्तरीतला चंद्र 35 दिवसांनी. योगिनीत सगळ्यात मोठी दशा 8 वर्षांची, तिथं शुक्राची 20. म्हणून भोंग्यावरच्या पत्रिकेला मी योगिनी आधी मांडतो.

कमेंटमध्ये नुसती जन्मतारीख टाकून "लग्न कधी" विचारू नका. नक्षत्र कधी लागलं, कधी संपलं आणि जन्मवेळ, तिन्ही लिहा.