अलर्ट लेव्हलच्या अलीकडे लावा

मंडळी, दिवसभर नोकरी करणाऱ्या माणसाने स्क्रीनसमोर न बसता शेअरच्या भावावर लक्ष कसं ठेवायचं, हा आजचा विषय. सपोर्ट, रेझिस्टन्स, कँडल हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. मला त्याच्या पुढचं सांगायचंय. सपोर्ट किंवा रेझिस्टन्सची लेव्हल सापडल्यावर, भाव जवळ आल्याची सूचना फोनवर देणारा अलर्ट नेमका कुठल्या आकड्यावर लावायचा? माझं उत्तर आधीच देऊन टाकतो: लेव्हलवर लावू नका, तिच्या साधारण एका दिवसाच्या हालचालीइतकं अलीकडे लावा. आणि तो वाजल्यावर काय करायचं, हे लावतानाच त्यात लिहून ठेवा.

पण त्याआधी टक्केवारीच्या अलर्टबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. ‘भाव दोन टक्के हलला की कळवा’ हा तो प्रकार. आत्ता इथे बसलेल्यांपैकी कोणाकोणाच्या फोनवर हा लावलेला आहे? हात वर करा. बघा, निम्मं सभागृह! आणि ज्यांनी हात वर केला नाही, त्यातले काही जण बहुतेक फोनच बघतायत.

माझ्या ओळखीच्या एक बाई रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करतात. हातात मोजे, समोर नमुने, आणि फोन कपाटात. कामाच्या वेळात बाजार बघायचा नाही म्हणून त्यांनी मुद्दाम अलर्ट लावले. वीसेक शेअर, प्रत्येकावर दोन टक्क्यांचा अलर्ट, वर आणि खाली. आठवडाभरात त्या पूर्वीपेक्षा जास्त वेळा फोन बघू लागल्या. दर मधल्या सुट्टीत आठ-दहा सूचना साठलेल्या असायच्या. प्रत्येक उघडायची, चार्ट लावायचा, ‘आता काय करू’ असा विचार करायचा, काहीच न करता फोन ठेवायचा. आणि एका शेअरची त्या खरोखर महिनाभर वाट बघत होत्या. तो जेव्हा त्यांना हव्या त्या भावाला आला, तेव्हा त्याची सूचना बाकीच्या गर्दीत खाली गेली. रात्री जेवताना त्यांना ती दिसली. तोवर भाव उसळी मारून वर गेला होता.

आता यात चूक त्या बाईंची आहे का? मला नाही वाटत. अॅपनेच तो पर्याय पहिला दाखवला होता आणि त्यांनी तो निवडला. माझी तक्रार त्या पर्यायाबद्दल आहे. टक्के भाव किती हलला ते सांगतात. तो कुठे पोचला ते सांगत नाहीत. २६८ चा शेअर २६२ झाला, म्हणजे दोन टक्क्यांच्या वर पडला. बरं, मग? २६२ ला त्या चार्टवर काहीही नाही. तिथे पूर्वी कधी खरेदीदार उभे राहिले नव्हते, विक्रेतेही नव्हते. हाच शेअर रोज अर्धा-अर्धा टक्का घसरत महिन्याभरात २४० ला आला, तर दोन टक्क्यांचा अलर्ट एकदाही वाजणार नाही. आणि तुम्हाला हवं होतं ते नेमकं २४०!

हा २६८ चा शेअर आपण पुढे नेऊ. आकडे सोयीसाठी घेतलेत, पण चार्ट असाच असतो. गेल्या सात-आठ महिन्यांत तो तीनदा खाली येऊन परतलाय. पहिल्यांदा २३८ वरून, मग २३६ वरून, मग २४० वरून. म्हणजे सपोर्ट ही एक रेघ नाही, २३६ ते २४० असा पट्टा आहे. कोणी २३८ वर रेघ मारून तिथे एकच अलर्ट लावेल, तर तिसऱ्या वेळी तो वाजलाच नसता, कारण भाव २४० वरूनच फिरला.

आता या शेअरचा स्वभाव बघू. वेल्स वाइल्डर यांनी १९७८ मध्ये मांडलेलं एक माप आहे, एटीआर, म्हणजे अॅव्हरेज ट्रू रेंज. दिवसाचा उच्चांक आणि नीचांक यातलं अंतर घ्यायचं, कालच्या क्लोजिंगपासून गॅप पडला असेल तर तोही धरायचा, आणि साधारण चौदा दिवसांची सरासरी काढायची. चार्टच्या कुठल्याही अॅपमध्ये ते तयार मिळतं. आपल्या शेअरचा एटीआर आहे ६. म्हणजे हा शेअर एरवीच्या दिवशी सहाच्या आसपास हलतो. २६८ वर सहा म्हणजे सव्वादोन टक्के. पाहिलंत? दोन टक्के ही त्याची रोजची हालचाल आहे. बाईंचा अलर्ट बातमी देत नव्हता, दिवस उजाडल्याचं सांगत होता.

तर पट्ट्याची वरची कड २४०, तिच्यात एक एटीआर मिळवा. २४६. पहिला अलर्ट इथे. भाव २४६ च्या खाली आला की नेहमीच्या चालीने पट्ट्यापर्यंत यायला त्याला अजून एक दिवस लागेल, आणि मध्ये तुम्हाला एक संध्याकाळ मिळेल. नोकरी करणाऱ्याची खरी गरज ती संध्याकाळ आहे. अलर्ट थेट २४० वर असेल तर तो दुपारी बैठकीत वाजणार, आणि टेबलाखाली फोन धरून निर्णय घ्यावा लागणार. त्या निर्णयाची प्रत काय असते हे तुम्हाला मी सांगायला नको.

त्या अलर्टच्या संदेशाच्या चौकटीत आकडा आपोआप येतो. तो पुसून मी असं काहीतरी लिहितो: ‘पट्टा २३६–२४० जवळ येतोय. आत्ता काही करायचं नाही. रात्री दिवसाची कँडल बघणे. पट्ट्यातून वर फिरून बंद झाला तर उद्यासाठी २४१ ला लिमिट ऑर्डर, स्टॉपलॉस २३३, शेअर १२५.’ हे १२५ कुठून आले? एका व्यवहारात हजारपेक्षा जास्त घालवायचे नाहीत, असं ठरवलंय. २४१ वजा २३३, आठ. हजार भागिले आठ, एकशेपंचवीस. हा हिशेब अलर्ट लावताना शांतपणे होतो. वाजल्यावर करायला गेलात तर १२५ चे ३०० कधी होतात, कळत नाही.

दुसरा अलर्ट पट्ट्याच्या खाली, आणि तो वेगळ्या जातीचा. २३६ च्या खाली एटीआरचा तिसरा भाग सोडून, म्हणजे २३४ वर. इथे भावाने नुसता स्पर्श केला तर मला कळायला नको. दिवस २३४ च्या खाली बंद झाला, तरच कळू दे. ट्रेडिंगव्ह्यूवर हे करायचं तर अट `Crossing Down` ठेवा आणि ट्रिगरमध्ये `Once Per Bar Close` निवडा. एक गोष्ट इथे फार जणांची निसटते. ‘बार’ म्हणजे अलर्ट लावताना चार्ट ज्या टाइमफ्रेमवर होता, त्याचा बार. पाच मिनिटांच्या चार्टवर बसून हा अलर्ट लावलात, तर तो पाच मिनिटांच्या क्लोजिंगला वाजेल. लावण्याआधी चार्ट एक दिवसावर आणा. वाजण्याची वेळ बघितली तर हे लगेच ओळखता येतं: बाजार चालू असताना वाजला तर टाइमफ्रेम चुकलीय. या अलर्टचा संदेश छोटा: ‘सपोर्ट तुटला. खरेदीचा विचार रद्द. २४६ चा अलर्ट अजून असेल तर काढणे.’

तिसरा वरच्या बाजूला, २७२ च्या आधीच्या उच्चांकावर, तोही दिवसाच्या क्लोजिंगचा. संदेश: ‘खाली न येताच निघाला. मागे धावायचं नाही, नवी लेव्हल शोधणे.’ हा अलर्ट लोक लावत नाहीत आणि मग सहा महिने २४६ ची वाट बघत बसतात. एका शेअरला हे तीन पुरतात.

चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं राहिलीत. आणि खरं तर अलर्ट कुठे फसतो, हे मी जाहिरातीत कबूल केलं होतं. तेव्हा भराभर सांगतो.

सगळ्यात महत्त्वाचं, अलर्ट म्हणजे ऑर्डर नव्हे. समजा तुम्ही २४१ ला १२५ शेअर घेतले आणि एक दिवस तो २४३ ला बंद झाला. रात्री वाईट बातमी आली, सकाळी तो उघडला २२९ ला. अलर्ट तुम्हाला २२९ ला उठवेल, तेही फोन जवळ असला तर. म्हणून शेअर हातात आले की स्टॉपलॉस ऑर्डर ब्रोकरकडे लावलेलीच हवी. पण तिचंही खरं सांगतो: २३३ चा स्टॉप असला तरी विक्री २२९ च्या आसपासच होणार, कारण मधल्या भावांना सौदाच झाला नाही. बारा गुणिले १२५, पंधराशे. ठरवले होते हजार. गॅपचा हा धोका अलर्टने जात नाही, स्टॉपने जात नाही. शेअर कमी घेतले तरच कमी होतो.

दुसरं, स्प्लिट. एकाचे दोन झाले की २६८ चा शेअर सकाळी १३४ दिसतो. चार्ट मागचे भाव आपोआप निम्मे करून दाखवतो, पण तुम्ही हाताने टाकलेला २४६ बहुतेक ठिकाणी तसाच राहतो. मग खालचे सगळे अलर्ट एकाच दिवशी वाजतात. एका शेअरचे खालचे अलर्ट असे एकाच दिवशी वाजले तर घाबरण्याआधी चार्टवरचे मागचे भाव निम्मे झालेत का ते बघा. झाले असतील तर सगळे आकडे नव्याने टाका.

तिसरं, फोन. बॅटरी वाचवण्याच्या सेटिंगमुळे बरेच फोन मागे चालणारं अॅप झोपवतात आणि सूचना तासाभराने येते, किंवा अॅप उघडल्यावरच. याची परीक्षा सोपी आहे. चालू भावाच्या अगदी जवळ एक अलर्ट लावा, फोन खिशात ठेवा, आणि सूचनेची वेळ चार्टवरच्या वेळेशी ताडून बघा. मिनिटाभराच्या वर फरक असेल तर त्या अॅपला बॅटरीच्या बंधनातून सूट द्या. सोबत ईमेलही चालू ठेवा.

चौथं, मुदत. पुष्कळ अलर्टना शेवटची तारीख असते आणि ती उलटली की ते आवाज न करता बंद पडतात. सुट्टीच्या दिवशी यादी उघडायची, संपलेले पुन्हा लावायचे, आणि ज्यांचा संदेश वाचून ‘हा कशासाठी होता?’ असं वाटेल ते काढून टाकायचे.

मागून एक प्रश्न आलाय, एकूण नावं किती ठेवावीत. रात्री जितके चार्ट तुम्ही नीट बघू शकता तितकीच. अर्ध्या तासात माझे सात-आठ होतात, म्हणजे एकवीस ते चोवीस अलर्ट, आणि त्यातला आठवड्यात एखाद-दुसरा वाजतो. रोज वाजत असतील तर तुमचे आकडे भावाच्या फार जवळ आहेत. तेव्हा पुन्हा एटीआर बघा आणि ते लांब सरकवा.