‘नाही’ म्हटल्यानंतरचे वाक्य

(छत्रपती संभाजीनगर येथे छोट्या व्यावसायिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

बाहेरच्या फलकावर ‘संकेतस्थळावरील त्रुटीचे पान आणि रिकाम्या पानांचा मजकूर’ असा विषय लिहिलेला आहे. तो वाचूनही आपण आत आलात, याबद्दल मी आपला ऋणी आहे. बीड जिल्ह्यातील एका सीताफळ-उत्पादक कुटुंबाच्या संकेतस्थळावरील अशी दोन पाने आम्ही नव्याने कशी लिहिली, एवढेच मला आज सांगायचे आहे. मात्र त्याआधी परभणीच्या मावशीची गोष्ट सांगितल्याशिवाय माझे व्याख्यान सुरू होत नाही. ज्यांनी ती पूर्वी ऐकली आहे, त्यांनी तोपर्यंत चहाची चौकशी करून यावे.

मावशीला तिच्या भाचीने एका दुकानाची लिंक पाठवली होती. रात्री जेवणे आटोपल्यावर मावशीने चष्मा लावून ती उघडली, तर पांढऱ्या पानावर लाल अक्षरांत मजकूर आला : ‘त्रुटी ४०४. अवैध विनंती. विनंती केलेले संसाधन अस्तित्वात नाही.’ दहा वाजता मला फोन आला. पहिला प्रश्न होता, “अरे, हे पोलिसांचं काही नाही ना?” मी विचारले, पोलिसांचे कसे असेल? त्यावर ती म्हणाली, “चारशे वीस मला माहीत आहे. हे चारशे चार कोणतं कलम आहे? आणि अवैध काय केलं मी? मी तर कुणाला विनंतीसुद्धा केली नाही.”

हसू नका, कारण मावशीचे वाचन बरोबर होते. मराठीत अवैध दारू असते, अवैध वाळूउपसा असतो, अवैध बांधकाम असते. ‘अवैध’ या शब्दामागे नेहमी तलाठी किंवा फौजदार उभा असतो. इंग्रजीतल्या ‘इनव्हॅलिड’ला शब्दकोशात पहिला जो शब्द सापडला तो कुणीतरी उचलून ठेवला आणि एका सज्जन बाईची झोप उडवली. श्रोत्यांत वकील मंडळी असतील तर त्यांना आठवेल की जुन्या दंडसंहितेत ४०४ हे कलम खरोखरच होते आणि ते मृत व्यक्तीची मालमत्ता हडपण्याबद्दलचे होते. हे मी मावशीला अजून सांगितलेले नाही. तांत्रिक बाजूनेही तो मजकूर चुकलेला होता. सर्व्हरला समजलीच नाही अशा मागणीचा क्रमांक ४०० आहे. ४०४ चा अर्थ इतकाच की मागणी समजली, पण त्या पत्त्यावर काही नाही. थोडक्यात, दुकानदाराने ‘हा माल इथे नाही’ म्हणण्याऐवजी ‘तुम्ही गुन्हा केला’ असे म्हटले होते, आणि कुठे जावे हे तर सांगितलेच नव्हते.

आता सीताफळांकडे येतो. हे कुटुंब बालाघाटच्या डोंगररांगेतले असून हंगामात पेट्या भरून थेट ग्राहकांना पाठवते. दरवर्षी नवे पान तयार करायचे, त्याला `/sitaphal-2023` असा वर्षाचा पत्ता द्यायचा आणि हंगाम संपला की पान काढून टाकायचे, अशी त्यांची रीत होती. परंतु ग्राहक पान लक्षात ठेवत नाहीत, ते व्हॉट्सॲपवरचा जुना निरोप शोधतात. गेल्या वर्षी ज्याने दोन पेट्या घेतल्या, तो यंदा त्याच लिंकवर बोट ठेवतो आणि रिकाम्या भिंतीवर आपटतो. म्हणून त्रुटीच्या पानाचा मजकूर लिहिण्याआधी आम्ही त्याची गरज कमी केली. वर्ष गाळून `/sitaphal` असा एकच कायमचा पत्ता ठेवला आणि जुने सगळे पत्ते ३०१ या कायमच्या पुनर्निर्देशनाने तिकडे वळवले. ज्या पानाची जागा दुसऱ्या पानाने घेतली आहे, त्याच्यासाठी कितीही गोड ‘नाही’ लिहिणे म्हणजे दुकान शेजारी हलवल्यावर जुन्या दारावर नुसते कुलूप लावण्यासारखे आहे.

एवढे करूनही चुकीचे पत्ते येतच राहतात, आणि त्यातले एक कारण आपल्या लिपीचे आहे. पत्ता देवनागरीत ठेवला तर तो दुसरीकडे चिकटवताना पुष्कळदा टक्क्यांच्या चिन्हांत बदलतो. स्वर, व्यंजन किंवा मात्रा यांपैकी प्रत्येक चिन्ह तेव्हा नऊ अक्षरांची जागा घेते. ‘सीताफळ’ या छोट्या शब्दात अशी सहा चिन्हे आहेत, म्हणजे त्याची लांबी ५४ होते, आणि निरोप पुढे पाठवताना त्याचे शेपूट तुटते. म्हणून पाहुणा आला तो ‘वाट चुकला’ असे गृहीत धरू नये. वाट बहुधा आपलीच तुटलेली असते.

संकेतस्थळ करून देणाऱ्या मुलाने पूर्वी तिथे लिहिले होते : ‘अरेरे! तुम्ही वाट चुकलात! हे पान कुणीतरी सीताफळ समजून खाऊन टाकले!’ खाली ‘मुखपृष्ठ’ असे एकच बटण होते. विनोद पहिल्यांदा बरा वाटतो. पण ज्याची पेटी चार दिवस आलेली नाही आणि जो ती कुठे पोहोचली हे पाहायला आला आहे, त्याला ‘कुणीतरी खाऊन टाकले’ हे वाक्य कसे वाटेल, याचा विचार करा.

मग या घराचा सूर कोणता? ब्रँडचा सूर ठरवायला अनेकजण मोठमोठी विशेषणे गोळा करतात. मी त्यांच्या ओसरीवर दुपारभर बसून मालक फोनवर काय बोलतात ते ऐकले. फेब्रुवारीचे दिवस होते. माल विचारणाऱ्या प्रत्येकाला ते जवळपास सारखेच सांगत होते : “सीताफळ संपलं दादा. आता दसऱ्याच्या पुढं-मागं. नंबर ठेवा, पहिली तोडणी झाली की सांगतो.” त्यात माफी नव्हती आणि आर्जवही नव्हते. ‘नाही’ पहिल्याच वाक्यात होते, पण ते एकटे कधीच सुटत नव्हते. लगेच कधी मिळेल ते येई आणि त्यापाठोपाठ आत्ता काय करायचे ते. आम्हाला लागणारा नमुना तोच होता.

त्रुटीच्या पानावर आम्ही असे लिहिले :

‘हे पान आता इथे नाही. लिंक जुनी झाली असेल किंवा येताना अर्धवट तुटली असेल. सीताफळे हवी असतील तर यंदाच्या हंगामाचे पान पाहा. आधी मागवलेल्या पेटीची चौकशी करायची असेल तर आम्हाला फोन करा.’

यात ‘तुम्ही’ हा शब्द दोषाच्या जागी कुठेही नाही, हे पाहा. वाटा दोनच ठेवल्या, कारण नोंदी पाहिल्यावर लक्षात आले की चुकीच्या पत्त्यावर येणारे लोक मुख्यतः दोन प्रकारचे आहेत, घ्यायला आलेले आणि घेतलेल्याची चौकशी करणारे. दहा दुवे दिले असते तर पाहुण्याला अंगणात उभे करून घराचा नकाशा हातात दिल्यासारखे झाले असते. शिवाय दुव्याचे शब्द ‘येथे क्लिक करा’ असे न ठेवता ‘यंदाच्या हंगामाचे पान’ असे ठेवले, म्हणजे दाबण्याआधीच पुढे काय आहे ते कळते. ४०४ हा आकडा सर्वांत खाली बारीक अक्षरांत ठेवला. तो दुरुस्ती करणाऱ्याच्या उपयोगाचा आहे, मावशीच्या नव्हे.

दुसरे पान हंगामाबाहेरचे. तिथे पूर्वी ‘उत्पादने उपलब्ध नाहीत’ एवढेच येत असे. कुणीतरी ‘लवकरच येत आहे’ सुचवले. फेब्रुवारीत सीताफळाबद्दल ‘लवकरच’ म्हणणे हे सरळ खोटे आहे, आणि शेतकऱ्याच्या तोंडी तर ते शोभतच नाही. आम्ही लिहिले : ‘या वर्षीची सीताफळे संपली. पुढची तोडणी पावसाळ्यानंतर, दसऱ्याच्या मागे-पुढे सुरू होईल. नंबर द्या, पहिली पेटी भरली की कळवू.’ त्याखाली नंबर लिहिण्याची एकच चौकट ठेवली.

पण या चांगल्या मजकुरानेच आम्हाला एकदा फसवले. ऐन हंगामात एका ग्राहकाने फोन करून विचारले की दिवाळीआधीच सीताफळे कशी संपली? झाले असे होते की त्याच्या गावी नेटवर्क अडखळले, फळांची यादी आलीच नाही, आणि यादीत शून्य वस्तू दिसल्या की ‘संपली’ असे सांगायचे, अशी सूचना प्रोग्राममध्ये होती. यादी रिकामी असणे आणि यादी न पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत माल नाही, दुसरीत माल आहे पण निरोप पोहोचलेला नाही. दुसरीसाठी आम्ही ‘यादी पोहोचली नाही. नेटवर्क पाहून पुन्हा प्रयत्न करा’ असे वेगळे वाक्य आणि ‘पुन्हा पाहा’ असे बटण दिले. तुमच्याकडे हा दोष आहे का, हे तपासायचे असेल तर संकेतस्थळ उघडा, मग फोनचा डेटा आणि वाय-फाय दोन्ही बंद करा आणि मालाच्या यादीवर बोट ठेवा. ‘माल नाही’ असे उत्तर आले तर दोष आहे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. ‘दहा मिनिटे’ असे लिहून ते खोडून ‘पाच’ केले आहे. मावशीने वेळ खाल्ला, आता उरलेले घाईत सांगतो.

शोधाची चौकट : लोक ‘सिताफळ’, ‘सीताफळ’, ‘sitafal’, ‘sitaphal’ असे वाटेल ते टंकतात. ‘शब्द तपासून पुन्हा लिहा’ असे सांगून ग्राहकाला ऱ्हस्व-दीर्घ शिकवू नका. ही सगळी रूपे एकाच मालाला जोडा, आणि ज्या शब्दांना काहीच सापडले नाही त्यांची यादी आठवड्याला एकदा वाचा.

पैसे भरताना अडले तर तिथे घरगुती सूरही आवरता घ्या. ग्राहकाच्या मनात एकच प्रश्न असतो, पैसे गेले का? पहिले वाक्य त्याचेच उत्तर असावे. आपल्यालाच खात्री नसेल तर ‘बँकेचे उत्तर अजून आलेले नाही, तोपर्यंत पुन्हा पैसे भरू नका’ असे लिहावे.

आणि सुंदर पान करताना खरा क्रमांक हरवू नका. तुमचे संकेतस्थळ ‘अपाची’ या सर्व्हर-प्रणालीवर चालत असेल तर तिच्या मांडणीच्या फाइलमध्ये ही ओळ अशी हवी :

```
ErrorDocument 404 /nahi.html
```

इथे `https://` पासून पूर्ण पत्ता लिहिला तर सर्व्हर ४०४ न सांगता पाहुण्याला दुसरीकडे वळवतो, आणि शोधयंत्राला ते पान नाही हे कळतच नाही. त्या पानातल्या चित्रांचे पत्तेही तिरक्या रेघेने सुरू करा, नाहीतर आतल्या विभागातल्या चुकीच्या पत्त्यावर पान उघडेल, पण चित्रे दिसणार नाहीत.

मजकूर पूर्ण झाल्यावर मी तो मालकांना वाचून दाखवला. त्यांनी ‘दसऱ्याच्या मागे-पुढे सुरू होईल’ यावर बोट ठेवले आणि त्यापुढे एक वाक्य स्वतः जोडले, ते आजही तिथे आहे : ‘पाऊस लांबला तर तोडणीही लांबेल, तसे झाले तर तेही कळवू.’