हप्ता वाढला तर? इसार देण्याआधीचं गणित

नमस्कार श्रोतेहो. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी बरीच वर्षं बँकेत कर्जाच्या टेबलावर होतो. आता निवृत्त आहे, पण घरात कुणाला कर्ज घ्यायचं झालं की कागद माझ्याच पुढ्यात येतात.

माझा भाचा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. राहणं गावातल्या घरी, सोबत चार एकर कोरडवाहू. पोरांच्या शिक्षणासाठी त्याने अमरावतीत फ्लॅट पाहिला. कर्ज लागणार होतं पंचवीस लाख, वीस वर्षांसाठी, आठ टक्क्यांनी. हप्ता २०,९११ रुपये. पगार हातात येतो ४६,००० आणि घरखर्च, आईची औषधं, पतसंस्थेची कपात मिळून जातात २२,५००. उरतात २३,५००. "मामाजी, बसते ना हप्ता. बँक देऊन राह्यली, मंग काहून घेऊ नये?"

मी म्हटलं, आठ टक्के हा आजचा दर आहे, वीस वर्षांचा नाही. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची बदलत्या दराची नवी गृहकर्जं बाहेरच्या दराला बांधलेली असतात, बहुतेक ठिकाणी रेपोला, म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या दराने पैसे देते त्या दराला. तो हलला की तीन महिन्यांच्या आत तुमचा दर हलतो. मे २०२२ च्या सुरुवातीला रेपो ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहा झाला. दहा महिन्यांत अडीच टक्के! म्हणून परीक्षा घ्यायची तर अडीच टक्के वाढीवर घ्या. अर्धा टक्का वाढवून पाहणं म्हणजे मनाची समजूत.

आठात अडीच मिळवले, साडेदहा. पंचवीस लाखांचा हप्ता होतो २४,९५९. म्हणजे महिन्याला चार हजार जास्त आणि उरलेल्या पैशांपेक्षा दीड हजाराने वर. फ्लॅटच्या सोसायटीचा महिन्याचा खर्च १,८०० रुपये सांगितला होता, तो तर आम्ही अजून धरलाच नव्हता.

यावर भाच्याचं उत्तर ठरलेलं होतं : "हप्ता तेवढाच ठेवू, मुदत वाढवून घेऊ." पुष्कळांना असंच वाटतं, म्हणून इथे जरा थांबतो. कर्ज नवं असताना दर एका टक्क्याने वाढून नऊ झाला आणि हप्ता २०,९११ च ठेवला, तर वीस वर्षांची मुदत पंचवीस वर्षं चार महिने होते. दहा टक्क्यांना पहिल्या महिन्याचं व्याजच २०,८३३ होतं. मुद्दलात जातात अठ्ठ्याहत्तर रुपये! साडेदहा टक्क्यांना व्याज २१,८७५, म्हणजे हप्त्याहून मोठं. मग कर्ज फिटायचं सोडून फुगायला लागतं. असं होऊ देऊ नका, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये बँकांना बजावलं आहे. हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारायलाही सांगितलं आहे. पण व्याजच भागत नसेल तर मुदत वाढवण्याचा रस्ता बंद होतो आणि हप्ता वाढवावाच लागतो. सगळ्यात मोठा धोका पहिल्या काही वर्षांत असतो, कारण मुद्दल तेव्हा जवळपास पूर्ण बाकी असतं.

मग गणित उलट्या बाजूने केलं. २३,५०० मधून सोसायटीचे १,८०० काढले, अडीअडचणीला ३,००० बाजूला ठेवले. उरले १८,७००. साडेदहा टक्क्यांनी वीस वर्षांसाठी लाखाला हप्ता पडतो साधारण हजार रुपये. म्हणजे झेपणारं कर्ज साडेअठरा लाखांच्या आसपास. आज त्याचा हप्ता साडेपंधरा हजारच पडेल आणि फरकाचे तीन हजार दरमहा साठत राहतील.

"अन् कापसाचे पैसे?" त्याने विचारलं. कापसाचा चुकारा वर्षातून एकदा येतो, हप्ता दर महिन्याला. बोंडअळीचं वर्ष असलं तर चुकाराही नाही. तो पैसा हप्त्यात धरू नका. आला तर मुद्दलात भरा. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतीआधी पैसे भरल्याचा दंड बँक घेत नाही.

भाच्याला पटलं नाही. "खर्च आवळतो ना मामाजी!" मग रंगीत तालीम ठरली. एप्रिलपासून दर महिन्याच्या पाच तारखेला २५,००० रुपये रिकरिंगमध्ये टाकायचे आणि उरलेल्यात घर चालवायचं. तोवर इसार द्यायचा नाही. बिल्डरचा माणूस फोनवर फोन करत होता. एप्रिल निभला. मे निभला, लग्नाचे आहेर मात्र भाचेसुनेने परस्पर कमी केले. जूनमध्ये शाळा उघडली, पोरांची वह्या-पुस्तकं आली आणि त्याच आठवड्यात पाऊस पडला. बियाण्याच्या थैल्या पगारातूनच आणाव्या लागल्या. पुढच्या पाच तारखेला रिकरिंगमध्ये काही गेलं नाही.

सध्या तो अमरावतीतच एक जुना, एका खोलीने लहान फ्लॅट पाहतो आहे. त्याला कर्ज लागेल अठरा लाख.